बारशानंतरचा महिना: बाळंतिणीचा दिवस कसा लावायचा?

प्रश्न : मी बाळंतपणासाठी माहेरी आले आहे, संगमनेर तालुक्यात. ग्रामीण रुग्णालयात नॉर्मल बाळंतपण झालं. मुलगी आज सोळा दिवसांची आहे. जन्माच्या वेळी वजन २ किलो ८०० ग्रॅम होतं, तिसऱ्या दिवशी २ किलो ६२० भरलं, आणि चौदाव्या दिवशी आशाताईंनी केलं तेव्हा २ किलो ८५०. आमच्याकडे सहा गायी आहेत. आई-वडील पहाटे पाचला गोठ्यात जातात आणि संध्याकाळी साडेपाचला पुन्हा. घरात आजी आहे, तिला वजन उचलवत नाही. धाकटा भाऊ कॉलेजला जातो. बारा दिवस सोयर होतं तोवर बरं चाललं होतं. बारशाच्या दिवशी घर भरलं आणि तेव्हापासून रोज कोणी ना कोणी येतंच आहे. बारशाला सकाळी दहा ते दुपारी तीन मला बाळाला धड पाजताच आलं नाही. रात्री डावी बाजू दगडासारखी झाली, गाठ आली, अंग कणकणलं. ती गाठ आता बरीच ओसरली आहे. परवा आईला बरं नव्हतं म्हणून बादलीभर कपडे धुतले, तर फिकट झालेलं जाणं पुन्हा लालभडक झालं. बाळ संध्याकाळी सारखं रडतं, सारखं अंगावर मागतं. आत्या म्हणाली, दूध पुरत नाही, घरात एवढं गायीचं दूध आहे, पाणी घालून वाटीभर पाजा. पाजणं, झोप, थोडंफार काम आणि पाहुणे हे सगळं एका दिवसात बसवायचं असेल तर वेळापत्रक कसं करायचं? आणि जुन्या बायका सोयर पाळायला लावायच्या, ते बाळंतिणीला विसावा मिळावा म्हणूनच असेल का?

उत्तर : आधी वजनाबद्दल, कारण तुमच्या घरातला अर्धा गोंधळ तिथून सुरू झाला आहे. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाचं वजन उतरतं. दहा टक्क्यांपर्यंतची घट चालते. तुमच्या लेकीची घट १८० ग्रॅम, म्हणजे साडेसहा टक्क्यांच्या आत होती. जन्माच्या वेळचं वजन साधारण दहा ते चौदा दिवसांत परत भरून यावं लागतं. तिचं चौदाव्या दिवशी भरून वर ५० ग्रॅम झालं आहे. इथून पुढे रोज २० ते ३० ग्रॅम वाढ हवी. आशाताई एकविसाव्या दिवशी पुन्हा येतील तेव्हा काट्यावर ३ किलोच्या आसपास आकडा दिसायला हवा. तो दिसला तर दूध पुरतं आहे. रोजच्या रोज पाहायची खूण म्हणजे शू. चोवीस तासांत सहा किंवा त्याहून जास्त वेळा लंगोट ओला होत असेल आणि शूचा रंग फिकट असेल, तर बाळाच्या पोटात पुरेसं दूध जातं आहे. बाळ किती रडतं यावरून दुधाचा अंदाज बांधता येत नाही.

मग संध्याकाळी ते सारखं का मागतं? दोन-तीन आठवड्यांच्या सुमाराला बरीच बाळं, विशेषतः संध्याकाळी सहा ते रात्री दहाच्या दरम्यान, अर्ध्या-अर्ध्या तासाने अंगावर मागतात. आईचं दूध मागणीप्रमाणे वाढतं. छाती जितकी रिकामी होते तितकं नवं दूध लवकर तयार होतं, आणि दूध साचून राहिलं की शरीर ते कमी करायला लागतं. बाळ जास्त मागतं तेव्हा ते पुढच्या आठवड्याच्या दुधाची तजवीज करत असतं. आता आपल्याकडची वेळ पाहा. बारावा दिवस होतो, बारसं होतं, पाहुण्यांची रीघ लागते, आणि नेमकं त्याच आठवड्यात बाळाचं मागणं वाढतं. बाळ रडताना दहा जण पाहतात, दहा जण सांगतात दूध कमी आहे, आणि वाटी-चमचा येतो. वाटीभर वरचं दूध प्यायलेलं बाळ तीन-चार तास अंगावर मागत नाही, तेवढं दूध छातीत साचतं, दुसऱ्या दिवशी कमी येतं, आणि आत्याबाईंचं म्हणणं खरं ठरतं. माझ्या पाहण्यातल्या कितीतरी घरांत अंगावरचं दूध तुटायला अशी सुरुवात बारशानंतरच्या आठवड्यातच झाली.

तुमच्या घरी गायीचं दूध भरपूर आहे म्हणून मोह जास्त होणार. आत्याबाईंना एवढंच सांगा की गायीच्या दुधातली प्रथिनं आणि क्षार एवढ्याशा मूत्रपिंडांना झेपत नाहीत. लोह त्यात फार थोडं असतं, आणि लहान बाळाच्या आतड्यातून त्याने सूक्ष्म रक्तस्रावही होऊ शकतो. पाणी घातलं की ते पातळ होतं, बाळाच्या सोयीचं होत नाही. सहा महिने फक्त आईचं दूध. उन्हाळा असला तरी वरून पाणी नाही, घुटी नाही, मध चाटवणं तर अजिबात नाही. मधातून बोट्युलिझमचे जंतू जाऊ शकतात, म्हणून वर्षाच्या आत मध देत नाहीत. त्या गायीच्या दुधाची जागा तुमच्या पेल्यात आहे.

आता दिवस लावू. चोवीस तासांचा हिशोब आधी मांडा, म्हणजे कशाला जागा आहे आणि कशाला नाही हे आपोआप दिसेल. या वयाचं बाळ दिवस-रात्र मिळून आठ ते बारा वेळा पितं. पाजणं, ढेकर काढणं, लंगोट बदलणं आणि पुन्हा निजवणं धरून एका खेपेला चाळीस मिनिटं लागतात. अकरा खेपा धरल्या तर साडेसात तास तिथेच गेले. तुम्हाला मिळून साडेआठ तास झोप हवी, कारण ती सलग नसून तुकड्यातुकड्यांत आहे. तुमची आंघोळ, मालीश आणि पाच वेळचं शांत जेवणखाण याला साडेतीन तास. बाळाची आंघोळ आणि तिला मांडीवर घेऊन बसणं याला दीड तास. झाले एकवीस. उरले तीन तास. त्यातले दीड तास पाहुण्यांना, एक तास हलक्या बसल्या कामाला, आणि अर्धा तास हाताशी. बाळाच्या वेळा रोज हलतील, पण बेरीज फारशी बदलणार नाही. म्हणूनच दिवसभर येणारे-जाणारे या हिशोबात बसत नाहीत. ते आले की झोपेतून कापले जातात, दुसरीकडून कापायला जागाच नाही.

हा दिवस सकाळपासून मोजू नका, रात्री नऊपासून मोजा. सकाळपासून मोजलं की झोप सगळ्यांत शेवटी येते आणि उरलं तर मिळते. साडेनऊला पाजलं की लगेच दिवा घालवायचा आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवायचा. मग साधारण बारा, अडीच आणि पाच या वेळांना बाळ उठेल. मधले तीन तुकडे दीड-दीड तासाचे, म्हणजे साडेचार तास झोप. रात्री पाजणं टाळू नका. दूध तयार करणारं प्रोलॅक्टिन हे संप्रेरक रात्रीच जास्त असतं. रात्री उशाशी पाण्याचा तांब्या आणि दोन खजूर किंवा डिंकाचा अर्धा लाडू ठेवला तर उठावं लागत नाही.

पाचची खेप महत्त्वाची आहे, कारण आई-वडील गोठ्यात गेलेले असतात. तुम्ही पाजा आणि बाळ आजीच्या स्वाधीन करा. आजीला वजन उचलवत नसेल, पण भिंतीला पाठ लावून मांडीवर बाळ घेता येतं, ढेकर काढता येतो. आजी जागी आहे तोवर साडेपाच ते सात तुम्ही झोपा. सव्वासातला पाजून दूध आणि न्याहारी, न्याहारीबरोबर कॅल्शियमची गोळी. आठनंतर मालीश-आंघोळ, तुमची आणि बाळाची. सव्वानऊच्या सुमाराला पाजलं की आंघोळ केलेलं बाळ गाढ झोपतं. साडेनऊ ते अकरा हा दिवसातला सगळ्यांत चांगला झोपेचा तुकडा. गावाकडे बायका नेमक्या याच वेळी कामं उरकून बाळ बघायला येतात. हा तुकडा कोणालाही देऊ नका, जवळच्या मावशीलाही नाही.

सव्वाअकराला पाजा. मग तासभर बसून काय करायचं ते करा: मेथी निवडा, दुपटी घड्या घाला. सव्वाबाराला जेवण. बाजरीची भाकरी, तूप, शेपू किंवा मेथी, वरण, खात असाल तर अंडं. पाजणाऱ्या आईला रोजच्यापेक्षा सहाशे कॅलरी जास्त लागतात, म्हणजे अंदाजे दोन भाकऱ्या, वाटीभर घट्ट डाळ आणि पेलाभर दूध एवढं अधिक. निव्वळ तूप-भातावर ते भागत नाही, डाळ हवी. सव्वाएकला पाजताना लोहाची गोळी घ्या, चहा किंवा दुधाबरोबर नाही. चहा लोह शोषू देत नाही, आणि कॅल्शियमची गोळी लोहापासून दोन तास तरी लांब हवी. दोन्ही गोळ्या बाळंतपणानंतर सहा महिने घ्यायच्या असतात, आणि बऱ्याच जणी सव्वा महिन्यात सोडून देतात. पावणेदोन ते तीन पुन्हा झोप.

तीनला पाजून घ्या आणि साडेतीन ते पाच ही पाहुण्यांची वेळ ठरवा. तुमच्या घरी ही वेळ आपोआप संपते. साडेपाचला गायींच्या धारा काढायच्या असतात, शेणघाण काढायची असते, हे आलेल्या प्रत्येक माणसाला कळतं. "आता गायांची वेळ झाली" असं आईने म्हटलं की कोणी रुसत नाही. पाहुणे पाचनंतर बसून राहिले तर आई गोठ्यात आणि चहा टाकायला बाळंतीण, असंच होतं. पाहुणे असताना बाळ मागायला लागलं तर उठून आतल्या खोलीत जायचं. बारशाच्या दिवशी घर भरलं होतं म्हणून तुम्ही पाच तास थांबलात. त्याचा परिणाम पुढे सांगते.

पाचनंतर संध्याकाळ बाळाची. सव्वापाच, पावणेसात, सव्वाआठ, आणि मध्ये पुन्हा पुन्हा. या वेळी दुसरं काही ठरवूच नका. टेकून बसा, पायाखाली पाट घ्या, जेवण साडेसातला जागेवर मागून घ्या आणि त्याबरोबर कॅल्शियमची दुसरी गोळी. गोठ्यातून आल्यावर आईने बाळ अर्धा तास खांद्यावर घेऊन अंगणात फिरवलं तरी तुमची पाठ मोकळी होते.

आता त्या गाठीबद्दल. पाच तास दूध निघालं नाही, ते साचलं, नळी तुंबली आणि भोवताली सूज आली. अशा वेळी दुखऱ्या बाजूने पाजणं बंद करायचं नसतं, आधी त्याच बाजूला लावायचं असतं, कारण भुकेलं बाळ सुरुवातीला जोरात ओढतं. पाजण्याआधी दोन-चार मिनिटं गरम पाण्यात पिळलेला कपडा, पाजताना गाठीवरून निपलकडे अगदी हलका हात, पाजून झाल्यावर थंड कपडा. जोरजोरात चोळून गाठ फोडायला बसलेल्या बायका मी पाहिल्या आहेत, त्याने सूज वाढते. छाती इतकी दाटली असेल की बाळाच्या तोंडात बसत नाही, तर हाताने थोडं दूध वाटीत काढून मऊ करून घ्या. लाली पसरली, थंडी वाजून ताप आला, किंवा एका दिवसात उतार पडला नाही तर त्याच दिवशी डॉक्टर. गोळ्या चालू असतानाही पाजता येतं. यापुढे घरात कोणीही असो, जागेपणी तीन तासांपेक्षा जास्त अंतर पडू देऊ नका.

कपड्यांची बादली आणि लालभडक झालेलं जाणं यांचाही थेट संबंध आहे. वार सुटून येते तिथे गर्भाशयाच्या आत मोठी ओली जखम राहते. ती भरत जाते तसं जाणं लालवरून गुलाबी-तपकिरी आणि मग पिवळट-पांढरं होतं. फिकट झालेलं पुन्हा लाल झालं तर आदल्या दिवशी काम जास्त झालं असं समजायचं आणि दोन दिवस सगळं बंद करून पडून राहायचं. त्याने ते पुन्हा फिकट व्हायला हवं. पॅड तासाभरात भिजत असेल, मोठ्या गाठी पडत असतील, घाण वास किंवा ताप असेल, तर वाट न पाहता रुग्णालय. रुग्णवाहिकेसाठी १०२ किंवा १०८. सहा आठवडे बाळापेक्षा जड काही उचलायचं नाही, असा साधा नियम धरा. भरलेली बादली, पाण्याची कळशी, वैरणीचा भारा, ओली चादर पिळणं, चुलीपुढे उकिडवं बसून भाकऱ्या थापणं हे सगळं बाहेर. लंगोट धुण्याचं काम तुमच्या भावाकडे द्या. कॉलेजला जाण्यापूर्वी वीस मिनिटं लागतात आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही.

सोयराविषयी तुम्ही विचारलं आहे. मूळ कल्पना शिवाशिवीची आणि अशुद्धतेची होती, विसाव्याची नव्हती, असं मला वाटतं. पण व्यवहारात त्याचा एक फायदा होई. बारा दिवस बाहेरचं माणूस घरात येत नसे, बाळंतिणीला स्वयंपाकघरात कोणी जाऊ देत नसे, आणि या दिवसांतच दूध बसतं. तुमचे बारा दिवस बरे गेले ते त्यामुळेच. शिवाशिव सोडून द्या, तेवढी शांतता मात्र दीड महिना ठेवा. आणि कोणी खोली बंद करून कोळशाची शेगडी पेटवत असेल तर खिडकी उघडायला लावा. बंद खोलीत कोळशाचा वायू साचून आई-बाळ दोघांच्या जिवावर बेततं. धुरीचा धूर बाळाच्या छातीलाही बरा नाही.

प्रश्न : मी सासू आहे, राहाता तालुक्यात. सून आणि नातू आठवड्याने आमच्याकडे येतील. आमचं खटलं मोठं आहे, नातेवाईक शिर्डीला दर्शनाला आले की घरी येतातच. सुनेला आराम द्यायची माझी इच्छा आहे, पण दारात आलेल्या माणसाला वेळ सांगितली तर माणसं नावं ठेवतात. कसं करावं?

उत्तर : तुम्ही विचारलंत याचा मला फार आनंद झाला, कारण हे सुनेला करता येत नाही. ती नवी, तिने पाहुण्याला थांबवलं तर उद्धट ठरते. हे काम घरातल्या मोठ्या बाईचं आणि मुलाचं. येण्याआधीच तुमच्या मुलाने फोन करावेत: "बाळ बघायला साडेतीन ते पाच या, तेव्हा दोघंही जागी असतात." कारण बाळाचं सांगितलं की कोणाला अपमान वाटत नाही. वेळेआधी कोणी आलंच तर चहा बाहेर तुम्ही द्या, बाळ झोपेतून उठवून बाहेर आणू नका.

बाळ हातात घ्यायचं असेल तर आधी साबणाने हात. आपल्याकडे बऱ्याच वयस्क बायका मिश्री लावतात, तंबाखू मळतात, तोच हात बाळाच्या गालाला जातो. दारातच बादली, साबण आणि टॉवेल ठेवून तुम्ही स्वतः सगळ्यांसमोर आधी हात धुतलेत की बाकीचे आपोआप धुतात. सर्दी-खोकला असलेल्याने लांबूनच पाहावं, आणि मुका कोणीही घेऊ नये. काजळ घालायचा आग्रह झाला तर डोळ्यात नको, तळपायाला तीट लावू द्या, म्हणजे त्यांचंही मन राहतं.

जवळच्या नात्यातल्यांना काम सांगा. बहीण आली तर म्हणा, दहा भाकऱ्या टाकून दे. जाऊ आली तर दुपट्यांच्या घड्या. बाळंतविड्यात काय आणू असं कोणी विचारलं तर चौथं टोपडं-झबलं नको, खारीक, खोबरं, डिंक किंवा हाळीव आणा असं मोकळेपणी सांगा.

एवढ्यानेही कोणी ऐकलं नाही तर आशाताईंची मदत घ्या. रुग्णालयात बाळंतपण झालं असेल तर त्या तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी येतात. सून माहेरी आहे तोवर तिकडच्या आशाताई येतात, ती तुमच्याकडे आल्याची वर्दी तुमच्या गावच्या आशाताईंना द्या, नाहीतर उरलेल्या भेटी मध्येच तुटतात. त्या येतील तेव्हा वडीलधाऱ्यांनाही बसवून घ्या आणि वरच्या दुधाचा, मधाचा विषय त्यांच्यासमोरच काढा. घरच्यांनी सांगितलं तर वाद होतो, गावातल्याच शिकलेल्या बाईने सांगितलं तर ऐकतात. आपल्याच जिल्ह्यात जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० पासून हेच ओळखून काम उभं केलं. त्यांनी गावातल्याच बायकांना, त्यातल्या कित्येक अक्षरओळख नसलेल्या होत्या, आरोग्यसेविका म्हणून तयार केलं आणि घरोघर पाठवलं. सासूशेजारी बसून बोलणारी ओळखीची बाई घरातल्या रीती बदलू शकते, हे तिथे दिसलं. पुढे गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्या बाईकडून नवजात बाळाची घरी जाऊन काळजी घेण्याची पद्धत ३९ गावांत तपासली आणि नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी घटलेले दाखवले. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालं. आज आशाताई ज्या भेटी देतात त्यांचा पाया तिथला आहे.

आणखी एक. पहिल्या आठवड्या-दोन आठवड्यांत बाळंतिणीला उगाच रडू येणं नेहमीचं असतं. दोन आठवडे उलटून गेल्यावरही ती उदास असेल, बाळ झोपलं तरी तिला झोप येत नसेल, बाळाकडे बघावंसं वाटत नसेल, तर तिला 'मन खंबीर कर' असं म्हणू नका. डॉक्टरांना दाखवा, किंवा १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर बोला, तिथे मराठीतही बोलता येतं.

प्रश्न : आम्ही पाथर्डी तालुक्यातले, ऊसतोडीला जातो. बायकोचं बाळंतपण होऊन महिना झाला. टोळी आठ दिवसांत निघणार आहे. तिथे फडात पहाटे चारलाच जावं लागतं. तिचं पाजणं आणि विसावा कसा होणार?

उत्तर : पहिली गोष्ट, तिला या वेळी कोयत्यावर नेऊ नका असं मी सांगेन, आणि उचल घेतलेली असल्याने ते सोपं नाही हेही मला ठाऊक आहे. निदान बेचाळीस दिवस पुरे होईपर्यंत तिला मागे ठेवा, दीड महिन्याची लस इथेच द्या आणि मग ती मागून येईल असं मुकादमाशी आताच बोला. माता व बाल संरक्षण कार्ड तिने सोबत ठेवायचं. अडीच आणि साडेतीन महिन्यांची लस त्या कार्डावर कारखान्याच्या गावच्या आरोग्य केंद्रातही मिळते.

आल्यावर तिने मोळ्या बांधू नयेत आणि गाडीत भरू नयेत, भार डोक्यावर घेणं तर मुळीच नको. तिच्याकडे कोप्यावरची कामं द्या. फडात जावंच लागलं तर बाळ सोबत आणि दर दोन-अडीच तासांनी पाजायला सुट्टी, ही गोष्ट टोळीतल्या सगळ्यांसमोर आधी ठरवून घ्या. बाळ कोप्यावर राहणार असेल तर त्याच्याजवळ मोठं माणूस हवं, आठ वर्षांची बहीण नको. जाण्याआधी तिने उकळून घेतलेल्या स्वच्छ वाटीत हाताने दूध काढून झाकून ठेवावं. हिवाळ्यात सावलीत ते चार तास टिकतं. वाटी-चमच्याने पाजा, बाटली नको, कारण कोप्यावर बाटली धड उकळता येत नाही आणि तिथूनच हगवण सुरू होते. परत आल्या आल्या आधी बाळाला पाजायचं, चूल नंतर पेटवायची. त्या वेळी पाणी कोणी भरायचं आणि भाकरी कोणी थापायची, हे निघायच्या आधी तुम्ही स्वतः ठरवा.

बाळ पीत नसेल, अंग गार किंवा गरम लागत असेल, मिनिटाला साठ किंवा जास्त वेळा श्वास घेत असेल, किंवा बरगड्यांखाली छाती आत ओढली जात असेल, तर त्या दिवसाची खेप सोडा आणि १०८ ला फोन करा. ज्या गावाला जाल तिथल्या आशाताईंचा आणि आरोग्य केंद्राचा नंबर पोहोचल्या दिवशीच घ्या.